करार मोडला म्हणजे संपला का?

गेल्या महिन्यात आमच्या बीएच्या धर्मशास्त्राच्या वर्गात एक डिबेट झाली, विषय होता 'यहुद्यांचा देवाशी झालेला करार अजून टिकून आहे का'. दोन्ही बाजूंची मुलं जीव तोडून बोलली, पण घरी येताना माझ्या डोक्यात सारखं हेच चालू होतं की ही भांडणाची जागाच चुकलीय. एका बाजूचं म्हणणं सरळ होतं. सीनाय डोंगरावर अटी ठरल्या, इस्राएलनं त्या मोडल्या, इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, फौजांनी यरुशलेम जाळलं, पुढे इ.स. ७० मध्ये रोमनं दुसरं मंदिरही पाडलं, म्हणजे करार संपला. दुसरी बाजू म्हणाली, तसं नाही, करार दोन होते, अब्राहामाचा बिनशर्त आणि मोशेचा सशर्त, त्यातला मोशेचा मोडला पण अब्राहामाचा शाबूत आहे. आता ऐकायला ही दोन टोकं वाटतात, पण दोघांच्या डोक्यातलं चित्र एकच होतं, भाड्याच्या घराचं अ‍ॅग्रीमेंट. भाडं थकलं की घर खाली करायचं, वाद फक्त एवढाच की अ‍ॅग्रीमेंट कुठलं आणि कुठल्या क्लॉजवर बोट ठेवायचं.

माझं म्हणणं असं की यहुदी परंपरेत करार मोडणं आणि करार संपणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे नंतर कुणी सोयीसाठी जोडलेलं नाही, बायबलच्या आतच ते आहे. यहुदी विचारवंतांना हजारो वर्षं छळणारा प्रश्न वेगळाच होता, की ज्यानं ह्या करारावर कधी हो म्हटलंच नाही, जो तेव्हा जन्मालाही आला नव्हता, त्याला तो कसा काय बांधतो? ही कल्पना कशी बदलत गेली ते ह्या प्रश्नाच्या मागं मागं गेलं की दिसतं.

थोडा दोष आपल्या शब्दाचाही आहे. मराठी बायबलात 'जुना करार' आणि 'नवा करार' हे इतकं रुळलंय की करार म्हटलं की आपल्याला स्टॅम्प पेपर आणि दोन सह्या दिसतात. मूळ हिब्रू शब्द आहे ब्रीत, आणि हिब्रूत ब्रीत 'करत' नाहीत, 'कापतात'. का कापतात ते बायबलच्या उत्पत्ती ह्या पहिल्या पुस्तकाच्या १५व्या अध्यायात समोर दिसतं. अब्रामाला, म्हणजे ज्याचं नाव पुढं अब्राहाम झालं त्याला, देव सांगतो, तीन वर्षांची कालवड आण, तीन वर्षांची शेळी, तीन वर्षांचा एडका, एक होला आणि पारव्याचं पिल्लू. अब्राम जनावरं मधोमध चिरतो, अर्धं इकडं अर्धं तिकडं समोरासमोर मांडतो, पक्षी तेवढे कापत नाही. मग मांसावर गिधाडं उतरायला लागतात आणि हा म्हातारा माणूस दिवसभर ती हाकलत बसतो. सूर्य मावळताना त्याला गाढ झोप लागते, अंधार पडतो, आणि त्या तुकड्यांच्या मधून एक धुमसती भट्टी आणि जळती मशाल जाते. अब्राम जात नाही, फक्त ती मशाल जाते.

तुकड्यांमधून चालायचं म्हणजे काय ते यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ३४व्या अध्यायावरून कळतं. यरुशलेमला बाबेलचा वेढा पडलाय, राजा सिदकीया आणि शहरातले मोठे लोक वासरू कापून त्याच्या दोन भागांमधून चालतात आणि शपथ घेतात की आपले इब्री दासदासी मोकळे करू. करतातही. मग वेढा थोडा सैल पडतो, फौजा मागं सरतात, आणि हेच लोक त्याच माणसांना परत धरून आणून गुलाम करतात. यिर्मया म्हणतो, ज्या वासराच्या तुकड्यांमधून तुम्ही चाललात, तुमची गत आता त्या वासरासारखी होईल. इ.स.पू. आठव्या शतकात सीरियातल्या सेफीरे इथं दगडावर कोरलेल्या अरामी तहात हेच आहे, हे वासरू जसं कापलं तसा शपथ मोडणारा राजा मतीएल कापला जावो. तर हे अ‍ॅग्रीमेंट नाही, बेलभंडारा उचलून घेतलेली शपथ असते ना, त्याच्या जवळचं आहे हे. आणि आता मागं जाऊन अब्रामाच्या त्या रात्रीकडं बघा, तिथं तुकड्यांमधून चालण्याची पाळी माणसावर आलेली नाही, देवानं ती स्वतःवर घेतलीय.

म्हणून दुसऱ्या बाजूचा मुद्दा मी फेकून देत नाही. सशर्त आणि बिनशर्त हा फरक मजकुरात खरोखर आहे. मोशे वाईनफेल्ड ह्या इस्रायली अभ्यासकानं १९७० मध्ये दाखवलं की अब्राहाम आणि दावीद ह्यांना दिलेली वचनं त्या काळच्या राजानं इमानी सेवकाला दिलेल्या इनामाच्या सनदेसारखी आहेत, आणि सीनायचा करार मांडलिक राजावर घातलेल्या तहासारखा आहे. इनाम म्हटलं की आपल्याला वेगळं समजवायला नको. पण हा फरक भिंतीसारखा पक्का नाही. अब्राहामाच्याच करारात, उत्पत्तीच्या १७व्या अध्यायात, सुंतेची आज्ञा आहे आणि लगेच पुढं म्हटलंय की ज्याची सुंता नाही त्यानं माझा करार मोडला, म्हणजे बिनशर्त करारही मोडता येतो तर! आणि उलट बाजूनं, बायबलच्या लेवीय ह्या पुस्तकाच्या २६व्या अध्यायात शापांची एवढी लांबलचक यादी आहे की वाचवत नाही, दुष्काळ, रोगराई, शत्रू, पोटच्या पोरांचं मांस खायची वेळ, आणि हे सगळं झाल्यावर देव म्हणतो की ते शत्रूच्या देशात असतानाही मी त्यांना इतकं टाकणार नाही की माझा त्यांच्याशी असलेला करार मोडावा. सगळ्यात कडक अटींच्या प्रकरणाचा शेवट असा आहे. मग सशर्त म्हणजे रद्द होणारा हे समीकरण आलं कुठून?

हे नीट समजायला अश्शूर, म्हणजे असिरिया, ह्या तेव्हाच्या साम्राज्याच्या तहांकडं जावं लागतं. इ.स.पू. ६७२ मध्ये अश्शूरचा राजा एसरहद्दोन ह्यानं आपल्यानंतर अशुरबनिपाल गादीवर बसावा म्हणून सगळ्या मांडलिकांकडून शपथा घेतल्या. त्याच्या मातीच्या पाट्या १९५५ मध्ये निमरुदला सापडल्या आणि २००९ मध्ये आणखी एक प्रत दक्षिण तुर्कस्तानात तेल तायिनात इथल्या देवळात मिळाली. त्यात मांडलिकांना सांगितलंय की अशुरबनिपालवर स्वतःसारखं प्रेम करा. भाऊ, मुलगा, मुलगी, कुणीही बंडाची गोष्ट काढली तर लपवू नका. मोडलंत तर जमीन लोखंडासारखी होईल आणि तांब्याच्या आकाशातून पाऊस पडत नाही तसा तुमच्यावरही पडणार नाही. आता बायबलमधलं 'अनुवाद' नावाचं पुस्तक उघडा, मोशेची शेवटची भाषणं असलेलं. सहाव्या अध्यायात, देवावर पूर्ण मनानं प्रेम कर. तेराव्यात, सख्खा भाऊ किंवा मुलगा किंवा बायको दुसऱ्या देवांकडं चल म्हणाली तर पाठीशी घालू नको. अठ्ठाविसाव्यात, डोक्यावरचं आकाश तांब्याचं आणि पायाखालची जमीन लोखंडाची. यरुशलेम ज्याची राजधानी होती त्या यहूदाचा राजा मनश्शे ह्याच एसरहद्दोनचा मांडलिक होता, म्हणजे ही भाषा यरुशलेमच्या दरबाराला माहीत असणार. आणि त्या छोट्या राज्यातल्या लेखकांनी काय केलं, सम्राटाला त्या जागेवरून उठवलं आणि तिथं आपला देव बसवला. निष्ठा द्यायची ती ह्याला, अश्शूरच्या राजधानीत, निनवेत बसलेल्या माणसाला नाही. मला हे धाडस फार मोठं वाटतं.

इथं एक कबुली द्यायलाच हवी. सगळे अभ्यासक सरळ नक्कल मानत नाहीत, यरुशलेममध्ये त्या तहाची प्रत सापडलेली नाही, आणि अनुवादात 'मी तुमच्यासाठी आधी काय काय केलं' हा जो इतिहासाचा भाग येतो तो एसरहद्दोनच्या पाट्यांत नाही, तो त्याच्या कितीतरी शतकं आधीच्या हित्ती तहांमध्ये मिळतो. त्यामुळे जुनं काय आणि नवं काय ह्यावर अजून वाद आहे. पण माझ्या मुद्द्याला जे लागतं ते दोन्ही प्रकारच्या तहांत सारखंच आहे, मांडलिकानं तह मोडला की तह संपत नाही, तहातले शाप लागू होतात. शिक्षा तहाच्या आतच लिहिलेली असते. अशुरबनिपालनं पुढं अरबांचं बंड मोडलं तेव्हा त्याच्या शिलालेखात अरब एकमेकांना विचारतात, आपल्या देशावर हे का आलं, आणि उत्तर येतं, आपण अश्शूर देवाच्या मोठ्या शपथा पाळल्या नाहीत म्हणून. अनुवादाच्या २९व्या अध्यायात हाच प्रश्न राष्ट्रं विचारतात, ह्या देशाचं परमेश्वरानं असं का केलं, आणि उत्तर, त्यांनी करार सोडला म्हणून. तर ५८६ मध्ये यरुशलेम जळालं तेव्हा बाबेलच्या वाटेवर चाललेल्या माणसाच्या लेखी ते करार संपल्याचं चिन्ह कसं असेल? शाप खरे होतायत म्हणजे करार अजून लागू आहे, असंच त्याला दिसणार. आणि पुढच्याच, ३०व्या अध्यायात शाप भोगून झाल्यावर परत येण्याची वाट लिहून ठेवलेली आहे.

ह्यावर सगळ्यात जोरदार उत्तर यिर्मयाच्या ३१व्या अध्यायातून येतं आणि वर्गातही आलंच. तिथं देव स्वतः म्हणतो की मी नवा करार करीन, त्यांच्या पूर्वजांशी केला तसा नाही, तो त्यांनी मोडला. नवा म्हटलंय, तसा नाही म्हटलंय, ह्याला काय उत्तर? हे शब्द बारीक करून चालणार नाही, यिर्मया खरंच तुटलेपणाबद्दल बोलतोय. पण वाक्य पुरं वाचा. करार कुणाशी? इस्राएल आणि यहूदाच्या घराण्याशी, म्हणजे त्याच लोकांशी. हृदयावर काय लिहिणार? 'माझी तोरा', म्हणजे तेच नियमशास्त्र. बदलतंय काय, तर दगडाच्या पाटीऐवजी काळीज, बाकी मजकूर तोच. आणि दोनच ओळी पुढं म्हटलंय की सूर्य, चंद्र, ताऱ्यांचे नियम टळले तरच इस्राएल माझ्यापुढं राष्ट्र म्हणून उरणार नाही. ख्रिस्ती वाचनात हा अध्याय जुना करार बाजूला सारणारा झाला, त्याला भाषांतराचाही हात लागलाय. हिब्रू ग्रंथाच्या ग्रीक भाषांतरात ब्रीतसाठी दियाथेके हा शब्द आला, आणि ग्रीकमध्ये त्याचा एक रोजचा अर्थ मृत्युपत्र असा होता. नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राच्या नवव्या अध्यायात ह्याच अर्थावर युक्तिवाद उभा आहे, की करणारा मेल्याशिवाय मृत्युपत्र लागू होत नाही. ख्रिस्ती श्रद्धेच्या आतून ते वाचन खोल आहे, मी त्याला नावं ठेवत नाही, पण हिब्रू ब्रीतमध्ये मृत्युपत्र नाही. आणि 'नवा करार' हे शब्द तर मृत समुद्राच्या गुंडाळ्यांशी जोडलेल्या यहुदी पंथानंही स्वतःसाठी वापरलेत, आणि ते लोक तोरा इतरांपेक्षा जास्त कडक पाळायचे.

आता मूळ प्रश्नाकडं. एसरहद्दोनच्या तहात एक कलम असं आहे की हा तह तुमच्याशी, तुमच्या मुलांशी, नातवांशी आणि पुढं जन्माला येणाऱ्यांशीही आहे. सम्राटाला ते परवडतं, कारण त्याच्याकडं फौज असते. अनुवादाच्या २९व्या अध्यायात मोशे हेच म्हणतो, आज इथं उभे असलेल्यांशीच नाही, जे आज इथं नाहीत त्यांच्याशीही हा करार आहे. देवाच्या तोंडी हे कलम आलं की प्रश्न उभा राहणारच, हा न्याय कसला? जो हजरच नव्हता त्याची संमती कुठाय?

तालमूद म्हणजे यहुदी कायद्यावरच्या चर्चांचा मोठा ग्रंथ, त्यातल्या रब्बींनी, म्हणजे धर्मपंडितांनी, हा प्रश्न जसा धरला त्याला तोड नाही. शब्बात ह्या प्रकरणात, ८८व्या पानावर, रब्बी अवदीमी निर्गमातला एक शब्द उचलतात. लोक डोंगराच्या पायथ्याशी उभे राहिले असं आपण वाचतो, पण हिब्रू शब्द ताणून धरला तर 'डोंगराखाली' असा निघतो. म्हणजे काय, तर देवानं डोंगर उपटून पिंपासारखा त्यांच्या डोक्यावर उपडा धरला आणि म्हणाला, तोरा घेतलीत तर ठीक, नाहीतर इथंच तुमची कबर. निर्गमाच्याच २४व्या अध्यायात लोक 'करू आणि ऐकू' असं आपणहून म्हणतात, सगळ्या परंपरेचा तो अभिमान, आणि त्याच्यावर हे रब्बी म्हणतात की डोक्यावर डोंगर होता! लगेच रव अहा बार याकोब म्हणतात, मग हा तोरेविरुद्ध मोठा मोदाआ झाला. मोदाआ हा यहुदी कायद्यातला शब्द. कुणी बळजबरीनं तुमच्याकडून जमीन लिहून घेत असेल तर तुम्ही आधी साक्षीदारांसमोर सांगून ठेवायचं की ही सही दबावाखालची आहे, मग तो व्यवहार रद्द ठरवता येतो. म्हणजे सीनायच्या करारालाच कोर्टात आव्हान देता येईल असं एक रब्बी तालमूदमध्ये बोलतो आणि ते पुसून टाकलं जात नाही.

उत्तर रावा देतो, चौथ्या शतकातला बाबेलचा पंडित. तो म्हणतो, तरीसुद्धा पारसी राजा अहश्वेरोशच्या काळात त्यांनी तोरा पुन्हा स्वीकारली, कारण एस्तेरच्या पुस्तकात लिहिलंय, यहुद्यांनी कायम केलं आणि स्वीकारलं, म्हणजे आधी जे स्वीकारलं होतं ते आता कायम केलं. हे उत्तर कुठल्या पुस्तकातून आलंय ते लक्षात घ्या. एस्तेरच्या हिब्रू पुस्तकात देवाचं नाव एकदाही येत नाही. डोंगर नाही, मेघगर्जना नाही, देश नाही, परक्या राजाच्या राज्यात कत्तलीतून वाचलेले लोक फक्त आहेत. खरी संमती तिथली, रावा म्हणतो, जिथं जबरदस्ती करायला देव समोर दिसतही नव्हता. सम्राटाच्या तहापासून निघालेली कल्पना इथं येऊन पोचते. पुढच्या पिढीला बांधणारं कलम कागदावर तेच राहतं, पण त्याचा जोर आता त्या पिढीच्या हो म्हणण्यातून येतो. वर्गातल्या डिबेटमध्ये हा प्रसंग एकदाही निघाला नाही, आणि मला खटकलं ते हेच. यहुद्यांच्या करारावर दोन तास बोलायचं आणि यहुदी काय म्हणतात ते इ.स. ७० पाशी थांबवायचं, हे कसं चालेल?

माझ्या म्हणण्याला सगळ्यात कठीण विरोध बाहेरून नाही, आतून आला. स्पिनोझा, अ‍ॅमस्टरडॅमचा, ज्याला तिथल्या यहुदी समाजानं १६५६ मध्ये बहिष्कृत केलं, त्यानं १६७० मध्ये छापलेल्या ग्रंथात म्हटलं की मोशेचं नियमशास्त्र हा इब्री राज्याचा कायदा होता, राज्य बुडालं तसा तो कायदाही कुणाला बांधत नाही. भाड्याच्या अ‍ॅग्रीमेंटपेक्षा हे कितीतरी वरचढ आहे, कारण तहाला राज्य लागतं हे खरंच आहे, आणि ही कल्पना तहांच्या भाषेतून आली असं मीच वर म्हटलंय. पण मग तोरेत ज्यांना कराराची खूण म्हटलंय त्या गोष्टी बघा. अब्राहामासाठी खूण आठव्या दिवसाची सुंता, निर्गमाच्या ३१व्या अध्यायात इस्राएलसाठी खूण शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांती. दोन्हींना राजा लागत नाही, मंदिर लागत नाही, देशसुद्धा लागत नाही. एक शरीरावर आहे आणि एक आठवड्याच्या वारांत.

ह्याचा पुरावा बघायला आपल्याला अलिबागच्या पुढं जायची गरज नाही. बेने इस्राएल ह्या कोकणातल्या यहुदी लोकांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला फुटलेल्या गलबतातून वाचले आणि पुस्तकं समुद्रात गेली. कोकणातल्या गावांत ते तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. तोरेची गुंडाळी नाही, रब्बी नाही, तालमूद तर नाहीच. राहिलं काय, तर शमा प्रार्थनेचे शब्द, खाण्यातले काही नियम, आठव्या दिवशीची सुंता आणि शनिवार. दोन्ही खुणा! ह्यांच्यावर कुणी डोंगर धरला होता? उलट शनिवारी घाणा बंद म्हणजे त्या दिवसाची कमाई गेली, आणि ती सोडायला सांगणारं कुणी नव्हतं. पुढं १९६२ मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बींनी ह्यांच्या लग्नांच्या वेळी वंश तपासायच्या सूचना काढल्या, कारण इतकी शतकं घटस्फोट आणि लग्नाचे रब्बींचे नियम माहीत नसताना झालेल्या लग्नांचं काय, हा त्यांचा प्रश्न. कायद्याच्या दृष्टीनं तो पोकळ नव्हता हे मान्य करतो. पण मराठी बोलणारी ही माणसं रस्त्यावर उतरली, आणि १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेनं ठराव केला की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत. करारात कोण आहे हे घराण्याच्या कागदावर ठरतं की पाळण्यावर, हा जुनाच वाद तिथं पुन्हा झाला.

सुंतेच्या विधीत एक खुर्ची रिकामी ठेवतात, एलीया संदेष्ट्यासाठी. का, तर राजांच्या पहिल्या पुस्तकात एलीया देवाकडं तक्रार करतो की इस्राएलनं तुझा करार टाकला, मी एकटाच उरलोय. मिद्राश, म्हणजे रब्बींनी बायबलवर लिहिलेली जुनी भाष्यं, त्यातली गोष्ट अशी की देव त्याला म्हणाला, ठीक आहे, आता इथून पुढं तू बघितल्याशिवाय एकही सुंता होणार नाही. करार मोडला म्हणणाऱ्यालाच करार पाळला जातोय ह्याचा साक्षीदार म्हणून बसवला. कोकणात हा एलीया म्हणजे एलियाहू हनाबी, नवस फेडायचा असला की त्याच्या नावानं मलिदा करतात, भिजवलेले पोहे, गूळ, ओल्या नारळाचा कीस, वेलची, बाजूला फळं. आणि घरात मुलगा झाला की आठव्या दिवशी त्याची खुर्ची मांडतात.